रद्द केलेली मीटिंग परत वाजलीच कशी?

आमच्या कॅलेंडर ॲपमधला बग तिसऱ्यांदा परत आलाय. आणि वर डेव्हलपर टेस्टिंग करणाऱ्या मलाच ऐकवतात, "तू मुद्दाम वाकड्या तारखा टाकतेस." अरे, 31 तारखेला मीटिंग लावणं वाकडं कधीपासून झालं? महिनाअखेरीलाच तर हिशेब बघतात लोक!

दर महिन्याच्या 31 ला, एकूण सहा मीटिंग, मी टाकलं होतं एवढंच:

```
DTSTART:20250131T100000
RRULE:FREQ=MONTHLY;BYMONTHDAY=31;COUNT=6
```

आयकॅलेंडर या कॅलेंडर-फॉरमॅटचा नियम सरळ आहे. ज्या महिन्यात 31 नाही तो महिना गाळायचा, आणि गाळलेला महिना COUNT मध्ये धरायचा नाही. म्हणजे जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, झाल्या सहा. आमच्याकडे काय दिसलं? 31 जानेवारी, 28 फेब्रुवारी, 28 मार्च, 28 एप्रिल... कारण या महाशयांनी आधीच्या तारखेत एकेक महिना मिळवत नेला. फेब्रुवारीत 28 वर घसरलेली तारीख परत वर चढलीच नाही. मोजायचं मूळ तारखेपासून, हे सांगायला दोन दिवस गेले. (महिन्याचा शेवटचा दिवसच हवा असेल तर BYMONTHDAY=-1 आहे ना! तो पर्याय स्क्रीनवर द्या की.)

बरं, ते सुधारलं. मग मी फक्त मार्चची मीटिंग 31 वरून 2 एप्रिलला हलवली. तर दोन्ही दिवशी मीटिंग! हलवलेल्या मीटिंगला स्वतःची नोंद मिळते हे ठीक, पण ती मूळची कुठली होती हे RECURRENCE-ID मध्ये राहायला हवं. तिथे 31 मार्चच पाहिजे, नवी तारीख नाही. यांनी तिथे 2 एप्रिल लिहून ठेवलं. मग 31 मार्चची झाकायची कशाच्या आधारावर? यावर उपाय काय, तर ती EXDATE मध्ये, म्हणजे वगळायच्या तारखांत, टाकून लपवली. दिसेनाशी झाली म्हणून तिकीट बंद.

मला तेव्हाच शंका आली होती. मी अख्खी मालिका रद्द केली. कॅलेंडर कोरं करकरीत. आणि 2 एप्रिलला सकाळी पावणेदहाला टेस्ट फोन वाजला: "15 मिनिटांत मीटिंग." कुठली मीटिंग? रद्द करणारा कोड नियमावरून तारखा काढतो आणि त्या तारखांच्या नोंदी पुसतो. 2 एप्रिल त्या यादीत येणारच नाही! पोरकी नोंद तशीच पडून, तिचा रिमाइंडर जिवंत. स्क्रीन आईची, म्हणजे मूळ मालिकेची, नोंद सापडत नाही म्हणून तिला दाखवत नाही, म्हणजे युजरला ती पुसताही येत नाही.

त्या मालिकेच्या UID ने डेटाबेसमध्ये शोधा, रद्द केल्यावर एकही चालू नोंद सापडता कामा नये. एवढी एक क्वेरी कुणी चालवली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते. आणि तिकिटावर उत्तर काय आलंय? "असं कोण करतं?"

मीटिंग हलवून मग मालिका रद्द कोण करतं? सगळेच करतात, बाबांनो!