‘नुसते *नका पुरे नव्हते का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : «रावेरच्या केळीवाल्या निरोपावरचा तुमचा लेख वाचला. एक शब्द चुकला तर पुढच्या ओळीत ‘*नका’ टाकले की झाले, नाहीतर मूळ निरोपच एडिट करायचा. सगळा निरोप पुन्हा लिहा, फोन करा, हा पसारा कशाला? आपल्याकडची माणसे संदर्भावरून समजून घेतात. तुम्ही साध्या गोष्टीचा बाऊ केला आहे.»

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप बहुतेक निरोपांना लागू पडतो, हे आधीच मान्य करतो. ‘जेवन झाले का’ असे कोणी लिहिले तर दुरुस्तीची गरजच नसते. परंतु लेखातला निरोप त्या जातीचा नव्हता. तो नेमका कुठे बिघडला हे मी लेखात घाईने सांगितले होते, म्हणून इथे तो जसा गेला तसाच देतो.

पुतण्याने रात्री 8.40 वाजता काकांना लिहिले : «काका उद्या केली कापून टाका गादी परवा येईल भाव 1540 ठरला मजूर ला सांगा». त्याला म्हणायचे होते : काका, उद्या केळी कापू नका, गाडी परवा येईल, भाव 1450 ठरला, मजुरांना सांगा.

यात पाच चुका आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना ल आणि ळ यांना, तसेच द आणि ड यांना, सहसा एकच कळ असते, त्यामुळे keli लिहिले की ‘केळी’ऐवजी जास्त वापरातले ‘केली’ पुढे येते आणि gadi लिहिताना बोट शेजारच्या सुचवणीवर पडले की गाडीची गादी होते. ‘मजूर ला’ हा तर केवळ तुटलेला शब्द आहे. या तिन्ही चुका वाचणाऱ्याला लगेच दिसतात, कारण त्या जागी तो शब्द शोभत नाही, आणि केळीच्या बागेत गादी येणार नाही हे काकांना कोणी सांगावे लागत नाही. इथपर्यंत आपला संदर्भाचा मुद्दा खरा आहे.

उरलेल्या दोन चुका मात्र चुकीसारख्या दिसतच नाहीत. kapu naka लिहिताना मधली मोकळी जागा एक अक्षर उशिरा पडली आणि kapun aka असे झाले. ‘कापून’ हा शब्द शुद्ध असल्याने तो तसाच राहिला, ‘aka’ला अर्थ नसल्याने फोनने त्या जागी ‘टाका’ बसवले. आपोआप होणाऱ्या दुरुस्तीचा धोका हाच आहे की तिच्यातून निघालेला शब्द शुद्धलेखनात सहसा बरोबर असतो, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर अडखळत नाही. 1540 हा आकडाही तसाच आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली, पण तयार झालेला भाव शक्यतेतलाच होता, आणि आकड्याला शब्दकोश नसल्याने फोनने त्याला हात लावला नाही.

आता संदर्भाने काय केले ते पाहा. उद्या कापायचे आणि गाडी मात्र परवा, ही विसंगती काकांच्या लक्षात आली होती. त्यांनी तिचा अर्थ असा लावला की व्यापाऱ्याला माल बांधावर तयार हवा असेल, गाडी आली की नुसता भरायचा. अर्थ समंजस होता, म्हणूनच त्यांनी उलटून विचारले नाही आणि निरोप तसाच मुकादमाला पुढे पाठवून दिला. संदर्भ चूक झाकूही शकतो, तो असा. कापलेला घड परत झाडाला लागत नाही आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात कापलेला माल दिवसभर गाडीची वाट पाहत ठेवणे कोणालाच परवडत नाही.

अशा वेळी ‘*नका’ एवढेच पाठवले असते तर? मूळ निरोपात ‘टाका’ आहे, ‘सांगा’ही आहे. हा ‘नका’ कोणत्या क्रियापदाचा हे काकांनी ठरवायचे. ‘मजुरांना सांगू नका’ असाही तो वाचता आला असता. शिवाय 1540 तसाच राहिला असता, कारण तारा लावून दुरुस्त करणारा माणूस साधारणपणे पहिली चूक दिसली की थांबतो.

एडिटबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय 2023 पासून आहे, पण ती निरोप पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंतच चालते, आणि पुतण्याच्या लक्षात चूक आली तेव्हा अर्धा तास उलटला होता. मुदत असती तरी मी तिच्यावर विसंबलो नसतो. बदललेल्या निरोपाशेजारी ‘एडिट केला’ अशी खूण दिसते, परंतु आधी काय होते ते दिसत नाही, आणि एकदा वाचून फोन खिशात ठेवलेला माणूस तीच ओळ पुन्हा उघडून पाहील याचा भरवसा नसतो. मुकादमाकडे पुढे गेलेली प्रत तर मूळ निरोप बदलल्याने बदलतच नाही. निरोप पुसून टाकणे पैशाच्या व्यवहारात आणखी वाईट, कारण 1540 वाचलेल्या काकांना तो पुसलेला दिसला तर भाव फिरवला असेच वाटेल. चुकीचा निरोप जागेवर ठेवून त्यालाच जोडून उत्तर लिहिणे मला अधिक सरळ वाटते.

पुतण्याने आधी फोन केला, कारण मजूर पहाटेच निघतात आणि रात्री लिहिलेले पहाटेपर्यंत वाचले जाईलच असे नाही. त्यानंतर मूळ निरोपाला जोडून त्याने हे लिहिले :

«काका, 8.40 चा निरोप रद्द समजा. बरोबर निरोप असा : मंगळवारी केळी कापायची नाही. बुधवारी गाडी शेतात आल्यावरच कापायची. भाव क्विंटलला 1450, चौदाशे पन्नास. आधी लिहिलेले 1540 चूक आहे. मुकादमालाही हाच निरोप पाठवा आणि काय ठरले ते मला लिहून कळवा.»

‘कापू नका’ हेच शब्द त्याने पुन्हा वापरले नाहीत, ही बाब मला महत्त्वाची वाटते. नकार एका छोट्या शब्दावर टांगलेला असला की तो गळला किंवा बदलला तरी वाक्य उभेच राहते. ‘गाडी आल्यावरच कापायची’ हे होकारार्थी वाक्य जोडल्यावर एका ठिकाणी चूक झाली तरी दुसरे वाक्य तिला उघडे पाडते. अक्षरी लिहिलेली रक्कम हेच काम आकड्यासाठी करते, जसे धनादेशावर करते. उद्या-परवाऐवजी वार लिहिण्याचे कारण साधे आहे : रात्रीचा निरोप सकाळी वाचला की ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकतो. केली-गादीचा मात्र त्याने उल्लेखही केला नाही, आणि ते योग्यच केले, कारण निरुपद्रवी चुकांची यादी दिली असती तर भावाची दुरुस्ती तिच्यात हरवली असती.

अहिराणीत लिहिणाऱ्यांना इथे थोडे जास्त सांभाळावे लागते. ‘गाडी आली’ या अर्थाने ‘गाडी उनी’ असे लिहिले तर प्रमाण मराठीवर बेतलेला कीबोर्ड ‘उनी’ला चूक समजून भलताच शब्द पुढे करू शकतो. अशांनी आपोआप दुरुस्तीची सोय बंद ठेवून फक्त सुचवण्या चालू ठेवाव्यात, म्हणजे शब्द बदलायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या बोटावर राहते.

‘लिहून कळवा’ ही शेवटची ओळ आपल्याला बहुधा सर्वांत मोठा पसारा वाटली असेल. निळ्या खुणा निरोप उघडला गेल्याचे सांगतात, कोणता अर्थ पोचला ते सांगत नाहीत, आणि नुसत्या ‘हो’वरूनही ते कळत नाही, कारण पहिल्या निरोपालाही काकांनी ‘हो’च म्हटले होते. दुसऱ्या वेळी त्यांचे उत्तर आले : «बुधवारी गाडी आल्यावर. 1450. मुकादमले सांगं.» मुकादमाला सांगितले, इतके वाचल्यावर पुतण्याने फोन बाजूला ठेवला.