पन्नास टनी प्रेसला फ्लायव्हील केवढं?

"पॉवर प्रेसचं फ्लायव्हील निवडायला हिशोब लागत नाही. प्रेसचं टनेज बघा आणि परवडेल तेवढं जड चाक लावा. चाक दुप्पट जड केलं की निम्म्या एचपीची मोटर पुरते. स्पीड मात्र दोन टक्क्यांच्या वर पडता कामा नये."

भोसरीपासून नऱ्ह्यापर्यंत प्रेस शॉपवाल्यांच्या फोनवर हा मेसेज फिरतोय आणि त्यावर विसंबून लोक खरोखर चाकं बदलून घेतायत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो. आकडे एकाच जॉबचे धरतो, म्हणजे पडताळायला सोपं जाईल: ५० टनी सी-फ्रेम प्रेस, स्ट्रोक ८० मिमी, मिनिटाला ५० स्ट्रोक, फ्लायव्हील गिअरच्या आधीच्या शाफ्टवर ३०० आरपीएमने फिरतंय. काम आहे १० मिमी एमएस प्लेटला ३० मिमीचं भोक.

टनेजचं आधी बघू. भोकाचा परीघ गुणिले जाडी म्हणजे ९४२ चौरस मिमी कापायचे. एमएसला चौरस मिमीमागे ३५० न्यूटन धरले तर बळ येतं ३३० किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेतेहतीस टन. आता याच प्रेसवर ३ मिमी पत्र्यातून १०० मिमीची चकती काढा. परीघ वाढला, जाडी कमी झाली, क्षेत्र पुन्हा ९४२. टनेज तेच, साडेतेहतीस.

पण फ्लायव्हीलला टनेज कळत नाही, त्याला ऊर्जा द्यावी लागते. ऊर्जा म्हणजे बळ गुणिले ते बळ जितकं अंतर टिकलं तितकं अंतर. पंच जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आत शिरला की माल तडकतो आणि बळ उतरतं, म्हणून मी पूर्ण बळ जाडीच्या ६० टक्के अंतरापुरतं धरतो. १० मिमी प्लेटला हे होतात जवळपास २००० जूल, आणि ३ मिमी पत्र्याला ६०० सुद्धा नाहीत. एकाच टनेजला तिपटीहून जास्त फरक. ड्रॉइंगच्या कामात तर याच्या उलट होतं: टनेज निम्मं असतं, पण बळ ३०-४० मिमी टिकतं आणि चाकाचा दम तिथे निघतो.

डिप्लोमाच्या गणितात चौरस मिमीला ७ जूल हा आकडा दिलेला असायचा, तो अनेकांच्या डोक्यात पक्का बसलाय. ते गणित ३२ मिमी जाड प्लेटचं होतं आणि तिथे तो आकडा बरोबर बसतो. १० मिमी प्लेटला तोच लावला तर ६६०० जूल येतात, म्हणजे चाक तिपटीहून मोठं निघतं. चौरस मिमीमागची ऊर्जा जाडीबरोबर वाढते. एका जाडीचा आकडा दुसरीला उचलून लावायचा नाही.

आता वजन. वरच्या २००० जूलमध्ये प्रेसचं घर्षण आणि गिअरचा तोटा मिळवून २४०० धरू. मिनिटाला ५० स्ट्रोक म्हणजे एका फेरीला १.२ सेकंद. त्यातला पंच प्लेटमध्ये असण्याचा वेळ किती? क्रँकच्या भूमितीवरून काढला तर जेमतेम ०.०९ सेकंद. तेवढ्यात २४०० जूल थेट मोटरकडून हवे असतील तर जवळपास २७ किलोवॉटची मोटर लागेल. फ्लायव्हील आहे म्हणून ती लागत नाही. सरासरीने बघितलं तर २४०० जूल १.२ सेकंदांत भरायचे, म्हणजे २ किलोवॉट. ३ एचपीची मोटर २.२ देते, तिच्यावर भागतं. त्या ०.०९ सेकंदात मोटर १८० जूल देते, बाकीचे साधारण २२०० चाकाने आपला वेग घालवून द्यायचे. चाकाने द्यायची ही ऊर्जा म्हणजे ΔE.

```
I = ΔE / (Cs × ω²)
```

`I` म्हणजे चाकाचं फिरतं जडत्व, `ω` म्हणजे सेकंदाला रेडियनमध्ये सरासरी वेग, आणि `Cs` म्हणजे सर्वात जास्त आणि सर्वात कमी वेगातला फरक भागिले सरासरी वेग. पंचिंगला तो ०.१० ते ०.१५ चालतो, मी ०.१० घेतो. ३०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३१.४ रेडियन, त्याचा वर्ग ९८७. उत्तर येतं २२.३ किलो-मीटर वर्ग. या सूत्रात किलो एकटे कुठेच येत नाहीत. ते येतात त्रिज्येच्या वर्गाशी जोडलेले.

रिमचा मध्यव्यास ८०० मिमी ठेवला तर २२.३ ला १३९ किलोची रिम पुरते: ११० मिमी रुंद, ७० मिमी जाड. आरे आणि हब यांचा वाटा थोडा असतो, तो जमेला ठेवायचा, हिशोबात धरायचा नाही. रिमचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर येतो. कास्ट आयर्नला ३० च्या वर नेत नाहीत, म्हणजे इथे भरपूर जागा आहे.

एका शेडमध्ये नेमकं असंच चाक होतं. आऱ्याला तडा गेला तेव्हा मालकांनी ६०० मिमी व्यासाची भरीव चकती ओतून घेतली, ३०० किलोची. बेल्टची पुली वेगळी होती, त्यामुळे स्पीड तोच राहिला. आठवड्याभरात मला बोलावणं आलं. प्रत्येक ठोक्याला बेल्ट किंचाळत होता, पुलीखाली रबराची काळी भुकटी साचली होती आणि दुपारपर्यंत दोनदा ओव्हरलोड रिले पडला होता. फिटर काका म्हणाले, "साहेब, चाक आधीपेक्षा दुप्पट जड आहे, तरी प्रेस दमते कशी?"

मी खडूने तिथेच जमिनीवर मांडून दाखवलं. भरीव चकतीचा I म्हणजे वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याचं निम्मं. ३०० गुणिले ०.०९, निम्मं केलं की १३.५. जुन्या चाकाचा होता २२.३. वजन दुप्पट झालं आणि साठा चाळीस टक्क्यांनी घटला. वेगातली चढउतार १० वरून साडेसोळा टक्क्यांवर गेली होती. काकांनी चकतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे लोखंड मधोमध घातलं आपण." अगदी हेच झालं होतं. मधलं लोखंड बेअरिंगवर भार टाकतं, पण ऊर्जा फारशी साठवत नाही.

वेगाचंही तसंच आहे. हेच चाक गिअरनंतर, क्रँकशाफ्टवर ५० आरपीएमला बसवलं तर २२.३ ऐवजी ८०० लागेल, सहाचा वर्ग म्हणजे ३६ पट. मोटरची पुली झिजली म्हणून हाताला लागेल ती लहान पुली टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: ३०० चे २४० आरपीएम झाले की त्याच चाकातली ऊर्जा ६४ टक्के उरते.

निम्म्या मोटरबद्दल. फ्लायव्हील ऊर्जा तयार करत नाही, मोटरने दिलेली साठवून वेळेवर परत देतं. दीड एचपीची मोटर १.२ सेकंदात १३२० जूल भरते आणि प्रेस दर ठोक्याला २४०० खर्च करते. १०८० ची तूट दर स्ट्रोकला. चाकात एकूण ११,००० जूल आहेत, म्हणजे चार स्ट्रोकनंतर वेग मूळच्या ७८ टक्क्यांवर येईल. प्रत्यक्षात वेग पडतो तशी मोटर जास्त करंट ओढून तूट भरायला बघते, तापते आणि रिले पडतो. चाक दुप्पट केलंत तर हे चारऐवजी आठव्या स्ट्रोकला होईल, एवढाच फरक.

मेसेज लिहिणाऱ्याने लहान मोटर चाललेली पाहिली असेल, हे मी मान्य करतो. कारागीर हाताने प्लेट लावून एकेक ठोका मारत असेल, मिनिटाला दहा-बारा, तर दोन ठोक्यांमध्ये पाच सेकंद मिळतात आणि सरासरी अर्ध्या किलोवॉटवर येते. तिथे एक एचपीसुद्धा निभावते. पण ती सवड चाकाच्या वजनामुळे मिळालेली नसते, हातामुळे मिळालेली असते. त्याच प्रेसला उद्या फीडर जोडला की मोटर उघडी पडते.

शेवटचे दोन टक्के. वेग पडल्याशिवाय फ्लायव्हील ऊर्जा देऊच शकत नाही. `Cs` दहा टक्के असेल तर साठ्यातला पाचवा हिस्सा वापरला जातो, दोन टक्के असेल तर पंचविसावा. दोन टक्क्यांना आपल्या जॉबला I लागेल १११, म्हणजे त्याच व्यासाला जवळपास ७०० किलोची रिम. मोटरवरचा भार त्याने जास्त सारखा राहतो, हे खरं आहे. पण साठा ११,००० वरून ५५,००० जूलवर जातो. चाक शून्यापासून पूर्ण वेगाला आणताना इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये निदान तेवढीच उष्णता पडते. जुन्या चाकाला थेट स्टार्टरवर सहा-सात सेकंद लागत असतील, तर या चाकाला अर्ध्या मिनिटाच्या वर. दिवसातून दहा वेळा बंद-चालू करणाऱ्या शॉपमध्ये मोटर त्यातच जळते. डायमध्ये दोन प्लेटा एकदम गेल्या तर तो सगळा साठा फ्रेम आणि क्रँकवर येतो, आणि स्विच बंद केल्यावर चाक कितीतरी जास्त वेळ फिरत राहतं. तेवढ्यात कुणी गार्ड काढून हात घातला तर काय होतं, हे या धंद्यात सगळ्यांनी पाहिलंय.

दहा टक्के ठेवताना मोटरकडे मात्र बघायचं. वेग ३१५ ते २८५ असा फिरेल. वरचा आकडा मोटरच्या १५०० ला जुळवला तर खाली मोटर १३५७ वर येते, साडेनऊ टक्के स्लिप. साधी ३ एचपी मोटर पाच टक्क्यांच्या आसपास पूर्ण भार घेते, म्हणजे त्या क्षणी ती जवळपास दुप्पट ओढतेय. म्हणून प्रेसला हाय-स्लिप मोटर लावतात, किंवा साधीच लावायची तर पुढचा साइझ घेतात.

चाक बसवल्यावर आरपीएम मोजा, पण हातातल्या टॅकोने नको. तो सरासरी दाखवतो आणि ०.०९ सेकंदातली घसरण त्याला दिसतच नाही. रिमवर सारख्या अंतरावर आठ-दहा बोल्ट लावून समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवा आणि दोन बोल्टांमधला वेळ नोंदवा. सलग वीस स्ट्रोक मारा. खालचा आकडा दर स्ट्रोकला आणखी खाली सरकत असेल तर मोटर कमी पडतेय. तो एकाच जागी टिकला, पण २८५ च्या खाली असेल, तर आधी पंचची धार आणि क्लिअरन्स बघा, कारण बोथट पंच ऊर्जा जास्त खातो. ते ठीक असेल तर चाकाचा I कमी आहे, आणि लोखंड वाढवायचं ते रिमच्या बाजूला.