उलट्यांमध्ये काय द्यावं यापेक्षा किती द्यावं ते आधी ठरवा

गेल्या महिन्यात मी स्वतः आजारी पडले. सतरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून पेशंटना जे सांगत आले, ते माझ्यावर वेळ आल्यावर पहिल्या पाच तासांत मीच पाळलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगते.

शनिवारी रात्री दोन वाजता पहिली उलटी झाली. सहा वाजेपर्यंत पाच झाल्या आणि शेवटच्या दोनमध्ये पोटात काहीच नसल्यामुळे नुसत्या कोरड्या ओकाऱ्या. तोंड वाळलेलं, जीभ टाळ्याला चिकटलेली. नवऱ्याने लिटरभर पाण्यात ओआरएसचं पाकीट कालवलं आणि ग्लास भरून हातात दिला. तहान इतकी होती की मी तो उभ्या उभ्या रिकामा केला. वीस मिनिटांत सगळं बाहेर. मग घरात जे होतं ते झालं: "तिला ते पाणी पचत नाहीये, लिंबूसरबत दे." सासूबाईंचं म्हणणं, "दोन घास दहीभात जाऊ दे, पोटाला आधार होईल." फोनवरून आईचं, "काही देऊ नका, लंघन करू दे."

तिघांचाही जीव तुटत होता, पण चूक पदार्थाची नव्हतीच. चुकलं होतं ते माप. जंतुसंसर्गात जठर रिकामं व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. त्यात एकदम दोनशे मिली ओतलं की जठर ताणलं जातं आणि तो ताण म्हणजे पुढच्या उलटीला आवतण. पाणी, सरबत, औषध, काहीही त्याच वाटेने बाहेर येतं.

मग मी ते केलं जे दुसऱ्यांना सांगते. उलटी झाल्यावर दहा मिनिटं काहीच नाही. त्यानंतर दर दोन मिनिटांनी चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण पाच मिली. नवऱ्याने मोबाईलवर टायमर लावला. पाच मिली म्हणजे चेष्टा वाटते, पण हिशेब करा: तासाला दीडशे मिली होतात आणि दोन तासांत तो मघाचा ग्लास भरून वर शंभर मिली उरतं. फरक इतकाच की हे पोटात राहतं. मध्ये एकदा उलटी झालीच. तरी घाबरायचं कारण नाही. पुन्हा दहा मिनिटं थांबायचं आणि चमचा सुरू करायचा, कारण मधल्या वेळात गेलेल्यातलं बरंचसं आतड्यात उतरलेलं असतं. साडेनऊला दोन चमचे, नंतर एकेक घोट. अकराला डोळा लागला. दुपारी एक वाजता लघवी झाली, गडद पिवळी, पण झाली. माझ्या लेखी तोच पहिला विजय.

मग पाण्याऐवजी ओआरएसच का? लहान आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ जोडीने आत घेणारं एक दार असतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. हगवण लागलेली असली तरी बहुतेकदा हे दार चालू राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाईकांच्या हातून पेशंटना पाजलं. त्यांची माणसं वाचली ती याच दारातून.

पण ते प्रमाणावर चालतं. आजच्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. बाटलीतल्या शीतपेयात शंभर मिलीलाच दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठपट. एवढी साखर आतड्यात गेली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. गोड लिंबूसरबताचीही तीच कथा. नारळपाणी चांगलं असलं तरी त्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ते वरखर्चाला ठीक, पण ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या टोकाची चूकही मी वॉर्डात वारंवार पाहिली आहे: लिटरचं पाकीट अर्ध्या ग्लासात कालवायचं, "जास्त ताकद येईल" म्हणून. लहान मुलाच्या रक्तात एवढं मीठ गेलं तर ते धोक्याचं आहे. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा, कारण छोटी पाकिटं दोनशे मिलीचीही येतात. रंगीत डब्यांवर ओआरएस लिहिलेली गोड पेयं बरीच वर्षं दुकानात राजरोस होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, ते नाव अशा पेयांना वापरायला मनाई केली. तरी खोक्यावरचं प्रमाण बघायची सवय असू द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नव्याने करा.

आता लंघनाबद्दल. आईचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. उलट्यांच्या पहिल्या काही तासांत घन अन्न नको, हे शरीर स्वतःच सांगतं. पण पाणीही बंद करणं आणि उलट्या थांबल्यावरही दोन-दोन दिवस उपाशी ठेवणं, याच्या मी ठाम विरोधात आहे. बराच वेळ काहीच पोटात नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि त्या कीटोननेच मळमळ होते. म्हणजे उलटीमुळे उपास आणि उपासामुळे पुन्हा मळमळ. हे चक्र मुलांमध्ये फार लवकर सुरू होतं. चमच्यातली थोडी साखर ते तोडायलाही कामी येते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र कधीच थांबवायचं नाही.

रविवारी संध्याकाळी सासूबाईंनी पेज केली. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मीठ, भात फुटून विरघळेपर्यंत शिजवलेली. मी चार चमचे घेतले. भाताची मीठ घातलेली पेज हे साधं आजारपणाचं खाणं समजू नका. तांदळातला स्टार्च हळूहळू ग्लुकोज होतो आणि तेच दार उघडतो, म्हणून तांदळाचं ओआरएससुद्धा असतं. साळीच्या लाह्यांचं पाणी, मुगाचं पातळ वरण, मऊभात, केळं हे सगळं याच वाटेवरचं. तूप मात्र त्या दिवशी मी नको म्हटलं आणि सासूबाईंचा चेहरा पडला. पण स्निग्ध पदार्थाने जठर आणखी उशिरा रिकामं होतं आणि ते जठर आधीच मंद झालेलं असतं. साबुदाण्याच्या खिचडीलाही मी यासाठीच नाही म्हणते. साबुदाणा बिचारा निरुपद्रवी, दाण्याचं कूट आणि तूप त्याला नडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि मनात मेतकूट-भात आला. भूक अशीच येते, आधी मनात. पण ताट समोर आल्यावर दोन घासांत पोट भरलं. घरच्यांना इथे वाटतं की अजून बरं वाटत नाहीये आणि आग्रह सुरू होतो. आग्रह करू नका. जठराचा वेग अजून पूर्ववत झालेला नसतो. दोन घास खाल्ले तर दोन तासांनी पुन्हा दोन घास वाढा. तिसऱ्या दिवशी मला खारट-आंबट हवंसं झालं. लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार भातावर घेतला आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा अन्नाला चव लागली असं वाटलं, खरं तर तेव्हा तीनच दिवस झाले होते.

चौथ्या दिवशी मी शहाणपणा गमावून पेलाभर दुधाची कॉफी प्यायले. तासाभरात पोटात गुडगुड, गॅस, एक पातळ जुलाब. आतड्याच्या अस्तरावरचे जे बारीक बोटांसारखे कोंब असतात, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्यांच्या वरच्या भागात असतं आणि संसर्गात झिजतात ते तिथेच. अस्तर काही दिवसांत नवं येतं, पण एन्झाइम पूर्ण व्हायला आठवडा, कधी दोन लागतात. म्हणून दूध काही दिवस बाजूला. दही आणि पातळ ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजणाने ती साखर थोडी कमी केलेली असते.

आणि मग सहाव्या दिवशी पोटात कावळे. मला भाकरी, उसळ, तळलेली मिरची सगळं एकदम हवं होतं. हा सर्वांत फसवा दिवस. भूक आधी परतते आणि पचन मागून लंगडत येतं. मी भाकरी आणि मटकीची उसळ पोटभर खाल्ली, रात्रभर पोट फुगून बसलं. धोका काही नव्हता, पण अर्धी भाकरी खाल्ली असती तर झोप लागली असती. दुसरी चूक नेमकी उलटी: भीतीने आठ-दहा दिवस नुसत्या पेजेवर राहणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरण, भाजी, अंडं, भाकरी सुरू करायला हरकत नसते. शरीराला झीज भरायला प्रथिनं लागतात.

काही गोष्टींना चमचा पुरत नाही. आठ तास लघवी नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, हिरवी किंवा रक्ताची उलटी, जुलाबात रक्त, खूप ताप, पोटात एका जागी वाढत जाणारी कळ, ग्लानी: यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांच्यासाठी तर थांबूच नका. रक्तदाब-मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्रास देतात, त्या दिवशी घ्यायच्या की नाही हे फोनवर डॉक्टरांना विचारा. जुलाब थांबवणारी गोळी मुलांना स्वतःहून कधीच देऊ नका.

एक गंमत राहिली. त्या शनिवारी रात्री मी कोपऱ्यावरच्या गाडीवरची पावभाजी खाल्ली होती आणि घरात सगळ्यांनी तिच्यावरच गुन्हा दाखल केला. पण शुक्रवारी माझा भाचा आमच्याकडे आला होता, त्याला आदल्याच रात्री उलट्या झाल्या होत्या. अशा विषाणूला लक्षणं दाखवायला बहुतेकदा बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात, दोन-तीन तास नाही. बहुधा पावभाजी निर्दोष होती. पण मेंदू शेवटच्या पदार्थालाच आरोपी ठरवतो आणि हे त्याच्याशी वाद घालून सुटत नाही. महिना झाला. काल त्या गाडीवरून जाताना बटर तापल्याचा वास आला आणि मी रस्ता ओलांडून पलीकडून चालायला लागले.