‘निशाचर’ ही पायरी का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “पक्ष्यांची उतरंड लावायला निघालात आणि ‘पक्षी’खाली थेट ‘घुबड’? मधली ‘निशाचर पक्षी’ ही पायरी शाळकरी पोरालाही सुचली असती. गव्हाणी घुबड पिंगळ्याच्या पंगतीला बसवले आहे, शास्त्रीय नावांचा पत्ता नाही. जरा अभ्यास करून लिहावे.”

महोदय, मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘जरा अभ्यास करून लिहावे’ हा सूर वाचकाचा नसून छडी उगारलेल्या मास्तरांचा आहे. ग्रंथालयात पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे कोणता विषय कोणाच्या पोटात जातो याचा विचार मी आयुष्यात प्रथमच करतो आहे, असे कृपया समजू नये.

शाळकरी पोराला सुचलेली पायरी तपासून पाहू. उतरंडीत खालचा वर्ग अपवादाशिवाय, सगळाच्या सगळा, वरच्या वर्गात बसावा लागतो. वनपिंगळा हा पिंगळा आहे, पिंगळा हे घुबड आहे आणि घुबड हा पक्षी आहे, इथवर काही अडत नाही. आता ‘पक्षी’ आणि ‘घुबड’ यांच्यामध्ये ‘निशाचर’ घाला, म्हणजे वनपिंगळा निशाचर आहे असे म्हणणे भाग पडते, आणि तो तसा नाही. 1884 नंतर दिसेनासा झालेला हा पक्षी 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो दिवसाउजेडी. उघड्या फांदीवर बसून भर दिवसा सरडे टिपणारे हे घुबड आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. मेळघाटात दोघांतील फरक मी स्वतः पाहिला आहे, आपण पाहिला असल्यास जरूर कळवावे.

दुसऱ्या बाजूनेही ही पायरी टिकत नाही. रातवा रात्रीच उडतो, पण तो घुबड नाही; म्हणजे त्या पायरीवर उभ्या केलेल्या पक्ष्यांना एकत्र ठेवणारे सवयीखेरीज काही उरत नाही. सवय ही नावासमोर नोंदवायची बाब आहे. तिचा वर्ग केला की एकच पक्षी दोन ठिकाणी मांडावा लागतो, आणि कोणतीही सूची तिथेच बिघडते.

गव्हाणी घुबडाबाबत आपले म्हणणे मान्य करतो. त्याचा बदामी चेहरा आणि मधल्या नखाची कंगव्यासारखी कड पाहता ‘घुबड’ या पायरीखाली त्याचे कुळ वेगळे दाखवता आले असते. त्याने उतरंड कोसळत मात्र नाही.

शास्त्रीय नावे सूचीत कोणालाही सापडतात. आपला त्यांच्यावर एवढा भरवसा असेल, तर वनपिंगळ्याचे नाव अवश्य पाहावे: पूर्वी ‘हेटेरोग्लॉक्स’ या स्वतंत्र प्रजातीत ठेवलेला हा पक्षी पुढे ‘अथीनी’मध्ये, म्हणजे पिंगळ्याच्याच पंगतीत, आणून बसवला गेला.