केर काढणाऱ्या बाइकडून

परवा सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवालाच्या पान 6 वरचं एक वाक्य मुद्दाम उभं राहून वाचलं गेलं : ‘जिन्यातल्या पाण्याबद्दल केर काढणाऱ्या बाइकडून खुलासा मागवण्यात आला.’ अख्खा हॉल हसला. शेवटच्या पानावर ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे माझं नाव होतं. चार रात्री फुकट राबलो, त्याची ही पावती.

अहवाल चौघांनी लिहिला होता आणि तो चौघांसारखाच दिसत होता. पान 2 वर ‘मेंटेनन्स’, पान 3 वर ‘मेन्टेनन्स’, पान 5 वर हिंदीतून आलेला ‘मेंटेनेंस’, आणि हिशेबाच्या तक्त्यात सरळ Maintenance. वाचणाऱ्याला वाटावं, सोसायटी चार वेगवेगळ्या वर्गण्या वसूल करते.

मग ‘बाईक’ आणि ‘बाइक’. दोन्ही चालतात, मराठीत यावर अजून एकमत नाही. पण एका कागदात एकच असावं एवढंच माझं म्हणणं. मला ‘बाइक’ बरं वाटतं. ‘बाईक’ मी मोजून ठेवले होते, 14. शोधा-आणि-बदला चालवलं. ‘फक्त पूर्ण शब्द’ या चौकटीत खूण करून भागत नाही, कारण आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते; ‘बाईकवर’, ‘बाईकची’, ‘बाईकला’ सगळे सुटून जातात. म्हणून खूण काढली. संगणक म्हणाला, 15 ठिकाणी बदल केले. माझ्या नजरेतून सुटलेला एक त्यानं पकडला, म्हणून मी खूश होऊन झोपलो. ‘बाईकडून’मध्ये ‘बाईक’ आख्खी उभी असते, हे मला सभेत कळलं.

आता अण्णांबद्दल. तळमजल्यावर राहतात, समितीत नाहीत, पण प्रत्येक कागद त्यांच्या ‘नजरेखालून’ जातो. मी सुधारलेली प्रत घेऊन ते रात्री साडेनऊला आले.

“तुम्ही सगळ्या मीटिंगा सारख्या का केल्यात?”

“अण्णा, मिटींग, मिटिंग, मीटींग, मीटिंग अशा चार होत्या. एक ठेवली.”

“पण त्या एक नव्हत्याच. पाण्याच्या टाकीची आठवते? साडेतीन तास. तिला दोन्ही दीर्घ. गणपतीची चहा पिऊन आटोपली, तिला दोन्ही ह्रस्व.”

“आणि पहिली दीर्घ, दुसरी ह्रस्व?”

“सुरुवातीला भांडण झालं, मग मिटलं.” असं म्हणून त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. “तसंच गाड्यांचं. पोरांच्या त्या फटफटणाऱ्या गाडीला दीर्घ ई हवी. माझ्या स्कूटरला ह्रस्व दिलीत तरी चालेल.”

“स्कूटरमध्ये ई नाहीच आहे, अण्णा.”

“म्हणूनच चालेल म्हटलं.”

साडेदहापर्यंत बसले. बायकोनं दोनदा चहा केला. जाताना त्यांनी पान 4 वरची एक मीटिंग पुन्हा ‘मिटिंग’ करून ठेवली, तीही पेनानं, म्हणजे ती मला परत टाइप करावी लागली. तेव्हा हसलो होतो. आता लिहिताना हसू येत नाही.

पण अण्णांवर चिडता तरी येतं. ‘ॲडव्हान्स’वर कोणावर चिडायचं? तो डोळ्यांना 9 जागी दिसत होता, संगणकाला 5 जागीच सापडत होता. तिसऱ्या रात्री कारण कळलं. काहींनी ‘ॲ’ हे एकच अक्षर टाइप केलं होतं, काहींनी ‘अ’वर वेगळा चंद्र चढवला होता. कागदावर दोघं जुळे भाऊ, संगणकाच्या लेखी ओळखही नाही. ओळखायची युक्ती एकच सापडली : अक्षरापुढे जाऊन एकदा खोडायचं. पूर्ण अक्षर गेलं तर पहिली जात. नुसता चंद्र गेला आणि ‘अ’ बोडका उरला तर दुसरी. असं नऊ वेळा केलं. मग ‘ॲडमिशन’, ‘ॲम्ब्युलन्स’, ‘ॲक्वागार्ड’. याबद्दल सभेत कोणी उठून काही वाचलं नाही. जे नीट झालं ते कोणाला दिसतच नाही, आणि बाई मात्र पान 6 वर दुचाकी होऊन बसली.

सेक्रेटरींनी माईकवरून, “चुकीबद्दल संबंधितांना समज दिली जाईल,” असंही सांगितलं. संबंधित दुसऱ्या रांगेत वडा खात होते.

काल सकाळी दार उघडलं तर जिन्यात मावशी झाडू घेऊन उभ्या. “दादा, कागदात माझ्या नावानं बाइक लिहिलीय म्हणे. किल्ली कधी देताय?”