पाणी रस्त्यावर, तक्रार कुठे?

«आमच्या रस्त्यावर पाणी वर येतंय. मुंबई महापालिकेच्या १९१६ वर फोन करा, एवढं तर कुणीही सांगेल. पत्ता सांगितला की पहिला प्रश्न येतो, वॉर्ड कोणता? दुसरा, पाण्याची लाइन की ड्रेनेजची? आम्ही दादर पूर्वला राहतो. हे आम्हाला कसं कळणार?»

वॉर्ड आधी बघू. पिनकोड आणि पोलीस ठाण्याच्या हद्दी वॉर्डाशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधू नका. दादर पश्चिम जी उत्तरमध्ये येतं. तुमच्या पूर्वेला मात्र काही भाग एफ उत्तरमध्ये आणि काही एफ दक्षिणमध्ये आहे. इमारतीच्या मालमत्ता कराच्या बिलावरचा खाते क्रमांक बघा. त्याची सुरुवातच वॉर्डच्या इंग्रजी अक्षरांनी होते: `FN` म्हणजे एफ उत्तर, `FS` म्हणजे एफ दक्षिण. फक्त तुमचं नव्हे, पाणी जिथे वर येतंय त्याला लागून असलेल्या इमारतीचं बिल मिळवा. हद्दीवरच्या रस्त्यात समोरासमोरच्या दोन इमारती वेगवेगळ्या वॉर्डांत असू शकतात.

आता पाणी कुठलं ते. यासाठी घड्याळ लागतं. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येतं. नळाला पाणी सुरू झाल्यावर रस्त्यातलं वाढत असेल आणि पाणी गेल्यावर ओसरत असेल, तर गळती पुरवठ्याच्या वाहिनीची. ही वॉर्डातल्या सहाय्यक अभियंता (जलकामे) यांची तक्रार. पुरवठ्याची वेळ सरल्यावरही वाहत असेल आणि वास, फेस किंवा काळपट रंग असेल, तर ड्रेनेज धरा. गल्लीतली लहान वाहिनी आणि हाउस गल्ली वॉर्डाच्या परिरक्षण विभागाकडे असते, मोठ्या रस्त्याखालची मुख्य वाहिनी मलनिःसारण प्रचालन खात्याकडे. दिवसरात्र स्वच्छ पाणी येत असेल तर मोठ्या जलवाहिनीची शक्यता असते; तेही जलकामांनाच कळवा.

समजा, सकाळी सातला पाणी आलं आणि पहिली दहा मिनिटं नळाला गढूळ, वास मारणारं पाणी, नंतर स्वच्छ. बाहेर गटाराचं पाणी साचलेलं. पुरवठा बंद असताना वाहिनीत दाब नसतो, तेव्हा फुटलेल्या जागेतून गटाराचं पाणी आत शिरतं. अशा वेळी नुसती 'गळती' लिहिली तर ती नेहमीच्या गळत्यांच्या रांगेत जाते. 'दूषित पाणीपुरवठा' असं लिहा आणि ड्रेनेजची वेगळी तक्रार द्या. तोवर पाणी उकळून प्या, हे अगदी मनापासून सांगतो.

तक्रारीत आपल्या घराच्या पत्त्याबरोबर गळतीची जागाही द्या: जवळची इमारत, दिव्याच्या खांबाचा क्रमांक, पाणी वाढतं ती वेळ. पाणी मीटरनंतरच्या, इमारतीच्या पाइपातून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, प्लंबर बोलवा.