चाक वळवलं होतं ना काका!

आज सकाळी सहकारनगरातून तळजईकडे जाणाऱ्या चढावर, फूटपाथला अगदी खेटून गाडी लावली आणि टेकडीवर गेलो. पाऊण तासाने खाली येतोय तर माझी नंबरप्लेट करंजीसारखी मुडपलेली आणि बंपरवर एक पांढरी हॅचबॅक रेललेली. ती हॅचबॅक मी गेलो तेव्हा तिथे नव्हती. म्हणजे माझ्या पुढच्या मोकळ्या जागेत कुणीतरी आणून लावली आणि ती आपणहून मागे सरकत माझ्या गळ्यात येऊन पडली. तिचं तोंड रस्त्यात आडवं आणि ढुंगण फूटपाथकडे. एक दूधवाला त्या तोंडाला वळसा घालून जाताना जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही, पण मी शब्दाशब्दाशी सहमत आहे.

मालक आले दहा मिनिटांनी. पस्तिशीतला मुलगा, हातात नारळपाणी. नारळपाणी! गाडी बघून पहिलं वाक्य काय, "असं कसं झालं? मी तर चाक वळवलं होतं ना काका!"

तोपर्यंत मी बऱ्यापैकी शांत होतो. खरंच. पण "कुठल्या बाजूला?" असं विचारल्यावर तो छाती काढून म्हणाला, "डावीकडे. चढावर डावीकडे, उतारावर उजवीकडे. व्हिडिओत बघितलंय." आणि माझं डोकं फिरलं.

अरे बाबा, तो व्हिडिओ अमेरिकेतला! सॅन फ्रान्सिस्कोत चढावर चाक वळवून लावलं नाही तर दंड होतो, म्हणून तिकडची माणसं असे व्हिडिओ करतात. पण तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेला लागतात, फूटपाथ उजव्या हाताला. आपल्याकडे डाव्या हाताला. सगळं आरशातलं होतं! तोंड चढाकडे असेल आणि डावीकडे फूटपाथची कड असेल तर आपल्याला स्टेअरिंग उजवीकडे वळवायचं, फूटपाथपासून लांब. मग ब्रेक हलकेच सोडून गाडी वीतभर मागे येऊ द्यायची, पुढच्या डाव्या चाकाची मागची बाजू कडेला टेकेपर्यंत. टेकली की गाडी आणखी मागे सरकायला जागाच नाही, हँडब्रेक राहो न राहो. उतारावर तोंड खाली असेल तर उलटं, चाक डावीकडे, फूटपाथकडे, आणि गाडी पुढे येऊ देऊन पुढची बाजू टेकवायची. टेकवायची हे महत्त्वाचं. कडेपासून हातभर लांब गाडी लावून चाक वळवलं तर ती त्या हातभर अंतरात वेग घेते आणि कड बुटकी असली तर खुशाल चढते.

ह्याने चढावर डावीकडे वळवलेलं. गाडी मागे निघाली की शेपूट डावीकडे आणि तोंड उजवीकडे, म्हणजे थेट रस्त्यात. त्यात नेमकं तिथे एका बंगल्याचं फाटक, म्हणून फूटपाथची कड उतरवलेली. अडवायला काहीच नाही. अडवायला होतो मी. माझी गाडी.

(कडच नसेल, म्हणजे घाटातला मातीचा काठ वगैरे, तर चढ असो की उतार, चाक डावीकडेच. गाडी सुटली तर रस्त्यात न जाता बाहेर जाईल. पण बाहेर दरी असेल तर मुळात तिथे लावू नका. हे माझ्या मेव्हण्याला महाबळेश्वरला तीनदा सांगावं लागलं. तो विषय वेगळा.)

बरं, मुळात गाडी सुटली का? मी आत डोकावलो. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक दोन खटके, फार तर तीन. म्हटलं, "न्यूट्रल का?" तर म्हणे सवय. सवय! सोसायटीत एकामागे एक गाड्या लावतात, सकाळी वॉचमनला ढकलता यावी म्हणून न्यूट्रलला ठेवायची आणि हँडब्रेक लावायचाच नाही, ही ती सवय. आमच्याही सोसायटीत आहे, आणि प्रत्येक सर्वसाधारण सभेत मी ह्यावर बोललोय, आणि प्रत्येक वेळी सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीचा विषय काढलाय. सपाटीवर चालतं म्हणून चढावरही न्यूट्रल? चढावर पहिला, उतारावर रिव्हर्स, एवढं साधं आहे. हँडब्रेकची केबल सैल पडली तरी बंद इंजिन चाक धरून ठेवतं. पूर्ण नाही, पण धरतं.

आणि हँडब्रेक म्हणजे शोभेची दांडी नाही. साधारणपणे तो फक्त मागच्या दोन चाकांना धरतो, केबलने. केबल ताणते, ब्रेकचे शू झिजतात आणि दांडी दर वर्षी थोडी जास्त वर येऊ लागते. ती कोपरापर्यंत यायला लागली की समजायचं, गॅरेजला जायची वेळ झाली. पण इथे दांडी दोन खटक्यांवरच थांबवलेली, कारण "जोरात ओढला तर केबल तुटते" असं ह्याला कुणीतरी सांगितलेलं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली तर शू ड्रमला चिकटतात, हे खरं. म्हणून सपाटीवर बरेच दिवस ठेवायची असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. टेकडीवर पाऊण तासात काय चिकटणार आहे?

कायदासुद्धा सांगितला मी त्याला. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 126. ड्रायव्हर गाडीत नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावायचा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज करायची. कलमाचा आकडा ऐकून दोन फिरायला आलेले आजोबा थांबले, त्यामुळे माझा आवाज आणखी चढला. एक आजोबा म्हणाले, "बरोबर आहे, चाक नेहमी फूटपाथकडेच वळवायचं असतं." मग त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. दगडाने फूटपाथवर आकृती काढून.

एकूण वीसेक मिनिटं चाललं हे. मुलाने मुकाट्याने ऐकलं, गाडी पुढे घेतली, स्टेअरिंग उजवीकडे वळवून चाक टेकवून दाखवलं, पहिला टाकला, हँडब्रेक नीट ओढला. मला जरा भरून आलं.

मग मी माझ्या गाडीत बसलो. ऑटोमॅटिक आहे, मागच्या दिवाळीला घेतली. ब्रेक दाबून पी मधून लिव्हर काढायला गेलो तर निघेना. जोर लावला आणि खट्ट! आवाज इतका मोठा की आजोबा परत मागे वळले.

मुलगा खिडकीशी आला. अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही आधी पी टाकून पाय उचलता आणि मग हँडब्रेक लावता का? सगळं वजन गिअरबॉक्समधल्या त्या छोट्या खिट्टीवर येतं. न्यूट्रल करून आधी हँडब्रेक लावा, पाय हळूच उचलून गाडी त्यावर बसू द्या, मग परत ब्रेक दाबून पी."

बरोबर बोलत होता कार्टा. गेले कित्येक महिने हा खट्ट आवाज येतोय आणि मी शोरूमवाल्यांशी भांडतोय.

मी "हं" म्हणालो आणि निघालो. घरी येऊन गाडी लावताना नंबरप्लेट दिसली. भरपाईचं बोलायचं राहिलं होतं. त्याचा फोन नंबरही घेतला नव्हता.